वाळूच्या कणांत दडलेले साडेतीन हजार ज्यूल

बारावीच्या रसायनशास्त्रात ऊष्मागतिकीचे प्रकरण सुरू झाले, की वायूने केलेल्या कार्याची दोन सूत्रे एकापाठोपाठ फळ्यावर येतात. एक सूत्र स्थिर बाह्य दाबाविरुद्ध होणाऱ्या प्रसरणाचे, तर दुसरे समतापी व्युत्क्रमी, म्हणजे पाठ्यपुस्तकाच्या भाषेत ‘रिव्हर्सिबल’, प्रसरणाचे. वायू तोच, तापमान तेच, सुरुवातीचे आणि शेवटचे घनफळही तेच. तरीही दोन सूत्रांची उत्तरे वेगळी येतात. पहिल्या सूत्राने मिळणारे उत्तर काही वेळा दुसऱ्याच्या निम्म्याहूनही कमी भरते. विद्यार्थी दोन्ही सूत्रे पाठ करतात, पण ‘मग उरलेले कार्य गेले कुठे?’ हा साधा प्रश्न बहुतेकदा अनुत्तरितच राहतो. या प्रश्नाचे उत्तर एका नळकांड्यात आणि थोड्या वाळूत शोधता येते.

एक नळकांडे, एक दट्ट्या

एक उभे, उंच नळकांडे आहे अशी कल्पना करावी. त्यात वरखाली सरकणारा दट्ट्या बसवलेला आहे. दट्ट्याला स्वतःचे वजन नाही आणि घर्षणही नाही, असे सध्यापुरते मानू. त्याचे क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे पोस्टकार्डापेक्षा किंचित लहान. दट्ट्याखाली आदर्श वायूचा एक मोल कोंडलेला आहे. सगळे नळकांडे पाण्याच्या मोठ्या टाकीत उभे आहे आणि टाकीतील पाण्याचे तापमान ३०० केल्विन, म्हणजे साधारण २७ अंश सेल्सिअस इतके कायम राखलेले आहे.

वायूचा सुरुवातीचा दाब १० बार आहे. या दाबाला तोलून धरण्यासाठी दट्ट्यावर बाहेरूनही १० बारच दाब हवा. त्यातला १ बार हवेचा, म्हणजे वातावरणाचा आहे. उरलेले ९ बार दट्ट्यावर ठेवलेल्या वजनांचे. एवढ्या क्षेत्रफळावर ९ बार म्हणजे ९,००० न्यूटन बल. त्यासाठी दट्ट्यावर सुमारे ९१७ किलो वजन ठेवावे लागेल. या स्थितीत वायूचे घनफळ २.४९ लिटर भरते आणि दट्ट्या तळापासून सुमारे २५ सेंटिमीटर उंचीवर असतो.

सर्व वजने काढून टाकली, तर दट्ट्यावर केवळ वातावरणाचा १ बार दाब उरेल. तापमान तेच राहिल्यास वायूचे घनफळ दसपट, म्हणजे २४.९४ लिटर होईल आणि दट्ट्या सुमारे २.४९ मीटर उंचीवर जाऊन थांबेल. म्हणजेच दट्ट्याची एकूण चढण सुमारे २ मीटर २४ सेंटिमीटर. आरंभ आणि शेवट असे दोन्ही ठरले. आता फक्त मार्ग निवडायचा आहे.

पहिला मार्ग : सगळे वजन एकदम

पहिल्या मार्गात ९१७ किलो वजन एका क्षणात बाजूला सरकवले जाते. ते दट्ट्याच्या आरंभीच्या उंचीवरच, शेजारच्या फळीवर राहते. दट्ट्या उसळतो, काही वेळ वरखाली हेलकावे खातो, वायूत भोवरे उठतात आणि क्षणभर तो थंडही होतो. टाकीतील पाणी त्याला पुन्हा ३०० केल्विनवर आणते आणि दट्ट्या अखेर आपल्या नव्या जागी स्थिरावतो.

या साऱ्या गोंधळात वायूने बाहेर किती कार्य केले? येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागते. बाहेरच्या जगावर झालेले कार्य मोजताना वायूचा आतला दाब कामाचा नसतो. दट्ट्यापाशी विरोध करणारा जो बाहेरचा दाब आहे, तोच मोजायचा. प्रसरण होत असताना बाहेर विरोध फक्त वातावरणाचा, म्हणजे १ बारचा होता. म्हणून सूत्र अगदी साधे होते :

W = P(ext) × (V2 − V1)

घनफळातील वाढ २२.४५ लिटर आणि दाब १ बार. एक लिटर-बार म्हणजे १०० ज्यूल, म्हणून कार्य भरते सुमारे २,२४५ ज्यूल. हे सर्व कार्य वातावरणाला वर ढकलण्यात खर्च झाले. वजने मात्र जिथे होती तिथेच, जमिनीपासून पाव मीटरवर पडून राहिली. वायूने त्यांना बोटभरही वर उचलले नाही.

दुसरा मार्ग : दोन टप्पे

आता थोडा धीर धरू. आधी एवढेच वजन काढू, की बाहेरचा दाब १० वरून ५ बारवर येईल. दट्ट्या दुप्पट उंचीवर, म्हणजे सुमारे ५० सेंटिमीटरवर जाऊन थांबेल. तेथे पोचल्यावर उरलेले वजन काढून बाजूच्या फळीवर ठेवू. मग दट्ट्या वातावरणाविरुद्ध उरलेली चढण पूर्ण करील.

पहिल्या टप्प्यात कार्य झाले १,२४७ ज्यूल, दुसऱ्यात १,९९५ ज्यूल. एकूण सुमारे ३,२४२ ज्यूल. आधीपेक्षा जवळजवळ एक हजार ज्यूल अधिक. हे जास्तीचे कार्य कोठे दिसते? ते डोळ्यांनीच दिसते. शेवटी काढलेले सुमारे ४०८ किलो वजन आता पहिल्या जागेपेक्षा २५ सेंटिमीटर वर, फळीवर ठेवलेले आहे. एवढे वजन एवढे उचलायला लागणारी ऊर्जा ९९८ ज्यूल भरते. हिशेब पुरा जुळतो.

यावरून दिशा स्पष्ट होते. टप्पे जितके अधिक, तितके अधिक वजन वायू स्वतःबरोबर वर नेतो. प्रत्येक टप्प्यात दाब सारख्याच प्रमाणात कमी केला, तर दहा टप्प्यांत सुमारे ५,१३० ज्यूल आणि शंभर टप्प्यांत सुमारे ५,६७८ ज्यूल कार्य मिळते. आकडा वाढतो खरा, पण वाढीचा वेग मंदावत जातो. तो कुठल्या तरी मर्यादेकडे झुकतो आहे, हे उघड आहे.

तिसरा मार्ग : वाळूचा एकेक कण

ती मर्यादा गाठण्यासाठी वजनांच्या जागी तेवढीच वाळू ठेवू. दट्ट्यावरून एक कण उचलून त्याच उंचीवरच्या फळीवर ठेवायचा. दट्ट्या नजरेलाही न जाणवेल इतका वर सरकेल. मग पुढचा कण त्या नव्या उंचीवर ठेवायचा. असे करता करता शेवटचा कण निघेपर्यंत बाहेरचा दाब प्रत्येक क्षणी आतल्या दाबाच्या इतका जवळ राहतो, की दोहोंतला फरक नगण्य ठरतो. अशा वेळी बाहेरच्या दाबाच्या जागी वायूचाच दाब लिहिता येतो. आदर्श वायूच्या समीकरणानुसार तो घनफळाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो आणि सर्व सूक्ष्म टप्प्यांची बेरीज केली की पाठ्यपुस्तकातले दुसरे सूत्र हाती येते :

W = nRT ln(V2/V1) = 2.303 nRT log10(V2/V1)

एक मोल आणि ३०० केल्विन यांसाठी RT ची किंमत २,४९४ ज्यूल. घनफळ दसपट झाल्याने दहाचा नैसर्गिक लॉगरिदम २.३०३ येतो आणि कार्य होते सुमारे ५,७४३ ज्यूल. याहून अधिक कार्य या वायूकडून, याच दोन स्थितींच्या दरम्यान, याच तापमानाच्या टाकीच्या मदतीने कोणत्याही युक्तीने काढता येत नाही. कारणही सरळ आहे. बाहेरचा दाब आतल्यापेक्षा जास्त झाला, तर वायू प्रसरणच पावणार नाही. विरोध जास्तीत जास्त जेवढा असू शकतो, तेवढा या मार्गात प्रत्येक पावलाला आहे. म्हणूनच या कार्याला कमाल कार्य म्हणतात.

एकदम झालेल्या प्रसरणातले २,२४५ ज्यूल यातून वजा केले, की उरतात ३,४९८ ज्यूल. हे साडेतीन हजार ज्यूल म्हणजेच फळ्यांवर रचलेल्या वाळूची उंची. निम्मी वाळू पहिल्या सुमारे २० सेंटिमीटरच्या चढणीतच उतरवली जाते, कारण आरंभी दाब झपाट्याने घसरतो. शेवटचे कण मात्र दोन मीटरहून वर पोचतात. सगळ्या वाळूची सरासरी चढण सुमारे ३९ सेंटिमीटर आहे आणि ९,००० न्यूटन वजन तेवढे उचलण्यास लागणारी ऊर्जा नेमकी हीच.

हरवले ते काय?

‘पहिल्या मार्गात साडेतीन हजार ज्यूल वाया गेले,’ असे सहज म्हटले जाते. पण ऊर्जा नाहीशी होत नाही, मग वाया गेली म्हणजे काय झाले?

आदर्श वायूची आंतरिक ऊर्जा केवळ तापमानावर अवलंबून असते. या गुणाचा प्रायोगिक आधार जेम्स ज्यूल यांच्या १८४५ सालच्या प्रयोगात सापडतो. त्यांनी तांब्याच्या एका भांड्यात सुमारे २२ वातावरण दाबाची हवा भरली, दुसरे भांडे निर्वात केले आणि दोन्ही पाण्यात बुडवून मधली तोटी उघडली. हवा मोकळ्या भांड्यात पसरली, पण पाण्याच्या तापमानात मोजण्याजोगा फरक पडला नाही. बाहेरचा दाब शून्य, म्हणून कार्य शून्य. आणि उष्णतेची देवाणघेवाणही शून्य. घनफळ वाढूनही हवेची आंतरिक ऊर्जा बदललेली नव्हती. (खऱ्या वायूत अगदी अल्प फरक पडतो. तो पुढे अधिक सूक्ष्म प्रयोगांत दिसून आला.)

नळकांड्यातही आरंभी आणि शेवटी तापमान तेच असल्याने आंतरिक ऊर्जा तीच राहते. म्हणजे वायूने बाहेर जेवढे कार्य केले, तेवढीच उष्णता त्याने टाकीतल्या पाण्यातून घेतली असली पाहिजे. वाळूच्या मार्गात वायूने पाण्यातून ५,७४३ ज्यूल उष्णता उचलली आणि तिचे कार्य केले. एकदम प्रसरणात त्याने फक्त २,२४५ ज्यूल उचलले. उरलेले ३,४९८ ज्यूल कुठेही गेले नाहीत. ते पाण्यात उष्णता म्हणून तसेच पडून राहिले. हरवली ती ऊर्जा नव्हे, तिचे कार्य करून घेण्याची संधी. वायू एकदा पसरला, की ती संधी परत येत नाही.

परतीचा प्रवास

हा फरक खऱ्या अर्थाने झोंबतो तो वायूला पुन्हा मूळ स्थितीत आणताना. वाळूच्या मार्गात परतणे सोपे आहे. सगळ्यात वरच्या फळीवरचा कण दट्ट्यावर सरकवायचा. दट्ट्या किंचित खाली येतो आणि पुढच्या कणाच्या फळीशी येऊन थांबतो. असे कण परत घेत घेत वायू पुन्हा १० बारवर येतो. वाळू होती तिथे, वायू होता तिथे आणि पाण्यातून घेतलेली उष्णता पाण्याला परत. जगात कोठेही खूण उरत नाही. ‘व्युत्क्रमी’ या शब्दाचा अर्थ एवढाच आहे. एक कण परत ठेवताच दट्ट्या मागे फिरतो का, हीच त्याची कसोटी.

एकदम प्रसरण पावलेल्या वायूचे तसे नाही. वजने खाली पडली आहेत आणि दट्ट्या अडीच मीटरवर आहे. ९१७ किलोचे ते सारे वजन आधी २ मीटर २४ सेंटिमीटर वर चढवावे लागेल. त्यासाठी बाहेरून सुमारे २०,२०० ज्यूल खर्च होतील. मग ते एकदम दट्ट्यावर ठेवले, की १० बारच्या स्थिर दाबाखाली वायू आकुंचन पावेल आणि त्यावर होणारे कार्य असेल सुमारे २२,४५० ज्यूल. प्रसरणात मिळाले २,२४५ आणि आकुंचनाला लागले त्याच्या दसपट! मधला सगळा फरक उष्णता होऊन टाकीत जातो.

टप्पे वाढवले, की ही दरी मिटत जाते. दहा टप्प्यांत आकुंचनाला सुमारे ६,४५८ ज्यूल लागतात आणि प्रसरणात ५,१३० परत मिळतात, म्हणजे सुमारे ७९ टक्के. शंभर टप्प्यांत हे प्रमाण जवळजवळ ९८ टक्क्यांवर जाते. प्रसरणाचा आकडा खालून आणि आकुंचनाचा आकडा वरून त्याच ५,७४३ ज्यूलकडे येत राहतात, पण ती रेषा दोन्हींपैकी कोणीही ओलांडत नाही.

वेळेची किंमत

मग सर्व यंत्रे वाळूच्या पद्धतीने का चालवत नाहीत? कारण त्या मार्गाला अमर्याद वेळ लागतो. उष्णता वाहण्यासाठी तापमानात थोडा तरी फरक हवा आणि दट्ट्या हलण्यासाठी दाबात थोडा तरी फरक हवा. फरक शून्याकडे नेला, की वेगही शून्याकडे जातो. शिवाय खऱ्या दट्ट्याला घर्षण असते. एक कण काढून तो हलतच नाही.

दाबलेल्या हवेत वीज साठवणाऱ्या प्रकल्पांना या अडचणीचा एक भाग रोज सोसावा लागतो. जर्मनीतील हुन्टॉर्फ येथे १९७८ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात जमिनीखालच्या मिठाच्या थरांत पोकळ्या करून त्यांत दाबलेली हवा भरण्याची सोय केली गेली. हवा झपाट्याने दाबली की तापते. ३०० केल्विनची हवा उष्णता बाहेर न जाऊ देता दहापट दाबावर नेली, तर सिद्धांतानुसार तिचे तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या वर जाते. म्हणून ती टप्प्याटप्प्याने दाबून मध्ये थंड करावी लागते. ही उष्णता हुन्टॉर्फमध्ये साठवली जात नाही, आणि प्रसरणाच्या वेळी हवा गोठवणारी थंड होऊ नये म्हणून नैसर्गिक वायू जाळून ती तापवावी लागते. प्रत्येक टप्प्यानंतर हवा थंड करणे हा समतापी मार्गाच्या जवळ जाण्याचाच एक व्यवहारी प्रयत्न होय. गॅरेजमधल्या दोन टप्प्यांच्या कॉम्प्रेसरमध्ये दोन सिलिंडरच्या मधे पंख असलेली नळी दिसते, तिचेही काम हेच.

उत्तर चुकले हे कसे ओळखावे?

परीक्षेच्या दृष्टीनेही हे चित्र उपयोगाचे आहे. प्रश्नात ‘स्थिर बाह्य दाब’ असे शब्द असतील, तर पहिले सूत्र. ‘व्युत्क्रमी’ किंवा ‘कमाल कार्य’ असे शब्द असतील, तर दुसरे. पहिल्या सूत्रात वायूचा आरंभीचा दाब घालणे ही नेहमीची चूक आहे. काही जण सुरुवातीच्या आणि शेवटच्या दाबांची सरासरी घेतात. वरच्या उदाहरणात ती ५.५ बार येते आणि कार्य निघते सुमारे १२,३५० ज्यूल. हा आकडा कमाल कार्याच्या दुपटीहून अधिक आहे, म्हणजे तो अशक्य आहे. प्रसरणाचे कोणतेही उत्तर व्युत्क्रमी कार्यापेक्षा मोठे आले, तर ते चुकले, हे गणित पुन्हा न करताही सांगता येते.

दुसऱ्या सूत्रात २.३०३ विसरले, तर उत्तर २,४९४ ज्यूल येते. ही चूक अधिक फसवी आहे, कारण आकडा अशक्य वाटत नाही. घनफळ लिटरमध्ये आणि दाब वातावरणात दिला असेल, तर लिटर-वातावरणाचे १०१.३ ज्यूल करावे लागतात. चिन्हाचाही घोळ होतो. रसायनशास्त्रात वायूने बाहेर केलेले कार्य ऋण लिहितात, भौतिकशास्त्राच्या अनेक पुस्तकांत धन. त्यामुळे रसायनशास्त्राच्या वहीत व्युत्क्रमी कार्य −५,७४३ आणि स्थिर दाबाचे −२,२४५ असे दिसते. संख्यारेषेवर पहिली संख्या लहान असली, तरी ‘कमाल’ हा शब्द परिमाणाला लागतो, चिन्हाला नाही.

दाबातील फरक अगदी थोडा असेल, तर दोन्ही सूत्रे जवळजवळ एकच उत्तर देतात. १.१ बारवरून १ बारवर येणाऱ्या याच वायूसाठी ती २२७ आणि २३८ ज्यूल देतात. फरक पाच टक्क्यांच्या आत. मोठी उडी घेतली तरच त्यांच्यातले अंतर डोळ्यांत भरते. वाळूचा प्रत्येक कण म्हणजे अशीच एक लहानशी उडी. ती जेवढी लहान, तेवढी फळीवरची वाळू उंच.